मथळे तीन, उत्तर एकच

*मॅडम, मार्केटिंगच्या पेपरात 15 गुणांच्या प्रश्नाला मला 5 मिळाले. घडीच्या सायकलची केस होती. सेगमेंटेशन, टार्गेटिंग आणि पोझिशनिंग, तिन्ही लिहायचं होतं. मी साडेचार पानं लिहिली, तिन्ही मथळे दिले, व्याख्या तर तोंडपाठ होत्या. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली तर समासात एकच शेरा: 'तिन्ही संकल्पनांची सरमिसळ'. माझ्या मते सगळे मुद्दे आलेत, फारतर जागा इकडची तिकडे झाली असेल. तेवढ्यासाठी 10 गुण जातात का? पुनर्मूल्यांकनाला टाकू का? प्रश्न आणि माझं उत्तर सोबत जोडलंय.*
*– दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी*

टाकू नकोस. तुझं उत्तर मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या बाजूने आणि दुसऱ्यांदा परीक्षकासारखं, हातात पेन घेऊन. फार ओढूनताणून मला साडेपाच देता आले. त्या अर्ध्या गुणासाठी अर्ज करायचा की नाही, ते तू ठरव.

पण 'जागा इकडची तिकडे' हे काही मला पटलं नाही. मुद्दे खरंच फक्त जागा बदलून आले असते, तर बऱ्याच परीक्षकांनी बाण काढून ते जागेवर नेले असते आणि गुणही दिले असते. मी स्वतः असे बाण पुष्कळ काढलेत. तुझ्या उत्तरात बाण काढून न्यायला मुद्दाच सापडत नाही. तीन मथळ्यांखाली तू एकच गोष्ट तीनदा सांगितली आहेस: सायकल चांगली आहे आणि ती तरुण नोकरदारांना विकावी. बाकी जागा व्याख्यांनी आणि प्रकारांच्या यादीने भरली आहे.

तुझंच एक वाक्य घेऊ. 'सेगमेंटेशन' या मथळ्याखाली तू लिहिलंस: "कंपनीने बाजारपेठेचे विभाजन करून 20 ते 35 वयोगटातील नोकरदार वर्गाला लक्ष्य केले." वाक्य शुद्ध आहे, पुस्तकी वळणाचं आहे, आणि तिथेच घात झाला आहे. या वाक्यात कर्ता कोण? कंपनी. ती काय करते? लक्ष्य करते. म्हणजे वाक्य टार्गेटिंगचं आहे, फक्त बसवलंय सेगमेंटेशनच्या खोलीत. विभाजन 'करून' असा एक शब्द टाकून तू ते उरकलंस. विभाजनात किती भाग पडले? कोणते? इतर भागांतली माणसं कशी आहेत? तुझ्या साडेचार पानांत मला एकच भाग सापडला, आणि एकाच तुकड्याला कुणी वाटणी म्हणत नाही.

दुसरं म्हणजे हा 20 ते 35 आला कुठून? प्रश्नातली केस मी पुन्हा वाचली. त्यात वयाचा उल्लेखच नाही. तो तुझ्या वहीतून आलाय, कारण वहीत 'वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण' अशी ओळ असतेच असते. आता दोन माणसं डोळ्यांसमोर आण. दोघंही 28 वर्षांचे, दोघंही नोकरदार. एकाचं काम घरूनच चालतं. दुसरा रोज रेल्वे पकडतो आणि दोन्ही टोकांना अडीच-तीन किलोमीटर कसेबसे पार करतो. घडीच्या सायकलची जाहिरात दोघांनी पाहिली तर सारखंच वागतील का? पहिला पान उलटेल, दुसरा थांबेल. आणि 52 वर्षांचा एखादा माणूस रोज असाच प्रवास करत असेल, तर तोही थांबेल. याचा अर्थ या केसमध्ये वयाने माणसं वेगळी होतच नाहीत. गट पाडायचा तो असा, की एका गटातली माणसं विक्रेत्याच्या एकाच गोष्टीला साधारण सारखा प्रतिसाद देतील आणि दोन गटांतली वेगवेगळा. वय हा चुकीचा निकष आहे असं नाही. इथे तो कामाचा नाही, एवढंच.

वाचकांसाठी केस थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक छोटी कंपनी 10 किलो वजनाची घडीची सायकल बनवते. घडी 15 सेकंदांत होते. वर्षाला 8,000 सायकली बनवायची क्षमता आहे. दुरुस्तीची पाच केंद्रं आहेत आणि पाचही मोठ्या रेल्वे स्थानकांजवळ आहेत. बाजारात आणखी दोन खेळाडू आहेत: 14 किलोची घडीची सायकल बनवणारी एक मोठी कंपनी, जिचे विक्रेते सगळीकडे आहेत, आणि विजेवर चालणारी 16 किलोची घडीची स्कूटर. वर्षभरात सायकल घेऊ शकतील अशा लोकांची माहितीही दिली आहे. रेल्वेने कामावर जाणारे आणि दोन्ही टोकांना थोडं अंतर पार करावं लागणारे 40,000. घरात पूर्ण आकाराची सायकल मावत नाही म्हणून अडलेले 60,000. सुट्टीत गाडीच्या डिकीत सायकल टाकून नेऊ पाहणारे 25,000. आणि व्यायामासाठी लांब पल्ल्याची सायकल चालवणारे 1,50,000.

पाहिलंस? प्रश्न काढणाऱ्याने गट जवळजवळ ताटात वाढून दिले होते. तुला फक्त एवढंच सांगायचं होतं, की हे चार गट कशाच्या आधारावर वेगळे होतात. उत्तर असं आहे: सायकलची घडी त्यांना कशासाठी आणि किती वेळा लागते त्यावरून. म्हणजे अपेक्षित लाभ आणि वापराचा प्रसंग. वहीतल्या भाषेत वर्तनविषयक निकष.

पहिल्या गटाचा दिवस नीट मोजून बघ, कारण सगळं उत्तर इथेच उघडतं. सकाळी घरून निघून स्थानकावर पोचला की एक घडी. रेल्वेतून उतरून कचेरीत पोचला की दुसरी. संध्याकाळी कचेरीकडच्या स्थानकावर तिसरी, घरी चौथी. रोज चार वेळा घडी घालायची, आणि रेल्वेच्या दोन्ही फेऱ्यांना जिने चढत-उतरत, गर्दीतून वाट काढत ती हातात धरायची. त्याला वजन जाणवतं आणि सेकंदही जाणवतात, कारण मागे गाडी सुटत असते. घरात जागा नसलेला दुसरा गट घडी घालतो दिवसातून एकदा, घरी आल्यावर, निवांत. घडीला 15 सेकंद लागले काय आणि दीड मिनिट लागलं काय, त्याला फरक पडत नाही. त्याला बघायचंय की घडी केलेली सायकल पलंगाखाली जाते का. तिसरा गट वर्षातून चार-सहा वेळा घडी घालेल. चौथ्याला घडी नकोच आहे. त्याला मोठी चाकं हवीत, गिअर हवेत.

एवढं लिहिलं असतंस तर सेगमेंटेशन झालं असतं. आणि एक गोष्ट बघ: वरच्या परिच्छेदात कंपनी कुठेच नाही. सगळे कर्ते ग्राहक आहेत. ते घडी घालतात, धरतात, बघतात, त्यांना हवं असतं. 14 किलोवाल्या मोठ्या कंपनीने अभ्यास केला असता तरी तिला हेच चार गट दिसले असते. (जाणकार म्हणतील की निकष निवडतानाच कंपनी आपला चष्मा लावते. बरोबर आहे. घडीची सायकल विकायची म्हणूनच आपण घडीकडे बघितलं. पण चष्मा लावणं वेगळं आणि समोरच्या माणसांतून कुणाला तरी बोट दाखवून बोलावणं वेगळं.)

सेगमेंटेशनच्या कल्पनेला 1956 मध्ये वेंडेल स्मिथ यांच्या एका लेखाने पक्कं रूप दिलं, आणि त्यातला मूळ फरक हाच होता. मागणीला आपल्या मालाकडे वळवायचं हा एक मार्ग. मागणी मुळात एकसारखी नाही हे मान्य करून, तिच्यातले वेगळेपण ओळखून त्याप्रमाणे मालात बदल करायचा हा दुसरा. पोझिशनिंग हा शब्द जॅक ट्राउट यांनी लेखातून मांडला तो 1969 मध्ये, आणि तो आला जाहिरातीच्या अंगाने. मधे 13 वर्षं गेली आणि सवाल पूर्ण वेगळा होता. आज वहीत तिन्ही शब्द एकाच ओळीत, एकाच आद्याक्षरी नावाखाली बसतात, म्हणून ती एकाच गोष्टीची तीन नावं वाटू लागतात. माझ्या मते या सरमिसळीचं निम्मं खापर त्या 'एसटीपी'वर फोडायला हवं.

आता तुझा टार्गेटिंगचा भाग. इथे तू लिहिलंस: "लक्ष्य बाजारपेठेचे चार प्रकार आहेत: भौगोलिक, लोकसंख्याशास्त्रीय, मानसशास्त्रीय व वर्तनविषयक." मग प्रत्येकावर चार-चार ओळी. हे सेगमेंटेशनचे निकष आहेत. टार्गेटिंगशी त्यांचा संबंध नाही. शिवाय ते जागेवर असते तरी या प्रश्नात त्यांना फारसे गुण नव्हते, कारण प्रश्न केसचा होता. दीड पान तिथेच खर्ची पडलं.

टार्गेटिंगमध्ये कंपनी पहिल्यांदा बोलते. समोर चार गट आहेत, यातला कुठला घ्यायचा आणि कुठले सोडायचे? 'सोडायचे' हा शब्द मुद्दाम लिहितेय. नकार कुठेच नसेल तर टार्गेटिंग झालेलं नसतं. आणि निर्णय म्हटला की कारण आलं. कारणं तीन बाजूंनी शोधायची: गट केवढा आहे आणि वाढतोय का, तिथे आधीपासून कोण ठाण मांडून बसलंय, आणि आपल्या हातात जे आहे ते त्या गटाला पुरतं का.

इथे प्रश्नकर्त्याने एक सापळा लावला होता. तू त्यात पडली नाहीस, पण ते केवळ तू त्या वाटेने गेलीच नाहीस म्हणून. तुझ्या वर्गातले पुष्कळ जण पडले असतील. सगळ्यात मोठा गट 1,50,000 व्यायामवाल्यांचा. मोठा आहे म्हणून तोच घ्यावा, असं कुणालाही वाटेल. पण त्या गटाला घडीचा उपयोग शून्य. कंपनीचं जे काही वेगळेपण आहे ते तिथे ओझं ठरतं, कारण घडीसाठी चाकं छोटी ठेवावी लागतात आणि लांब पल्ल्याला छोटी चाकं त्रास देतात. शिवाय मोठा गट सगळ्यांनाच दिसत असतो, म्हणून तिथे गर्दीही मोठी. गटाचा आकार पाहून भुलण्याच्या या चुकीला या विषयात बहुसंख्येचा भ्रम म्हणतात.

60,000 चा दुसरा गट जास्त मोहाचा आहे. पण त्यांना हलकेपणाशी आणि सेकंदांशी देणंघेणं नाही. 14 किलोची सायकलही त्यांच्या पलंगाखाली तितकीच छान बसते आणि तिचे विक्रेते सगळीकडे आहेत. मोठ्या कंपनीच्या अंगणात जाऊन, जिथे आपला हुकमी पत्ता चालतच नाही तिथे, खेळायचं कशाला? सुट्टीवाल्यांचा 25,000 चा गट लहान. पूर्ण क्षमता वापरायची तर त्यातल्या जवळजवळ दर तिघांतल्या एकाने हीच सायकल घ्यायला हवी.

उरला पहिला, 40,000 चा. 8,000 म्हणजे त्यांच्यातला दर पाचवा माणूस. सोपं नाही, आणि हे उत्तरात लिहायला घाबरायचं नाही. पहिल्याच वर्षी क्षमता पूर्ण वापरली जाईलच असं नाही, असं स्पष्ट लिहिलंस तर परीक्षकाला कळतं की तू आकडे फक्त उतरवले नाहीस. पण हाच एक गट असा आहे जिथे 10 किलो आणि 15 सेकंद दोन्हीला किंमत आहे. आणि दुरुस्तीची पाचही केंद्रं स्थानकांजवळ आहेत. रोज कामावर जाणाऱ्याची सायकल बिघडली तर त्याचा दुसरा दिवसच कोलमडतो, म्हणून वाटेवरच दुरुस्ती होणं ही त्याच्यासाठी मोठी सोय. एकाच गटावर सगळा जोर लावायचा, म्हणजे केंद्रित टार्गेटिंग. धोका एकच: या गटाच्या सवयी बदलल्या, कामं घरूनच होऊ लागली, तर कंपनीला दुसरा आधार नाही. हे एक वाक्य तुझ्या उत्तरात असतं तर मी अर्धा गुण आनंदाने वाढवला असता.

त्या दुरुस्ती केंद्रांचं तू काय केलंस ते आता बघ. पोझिशनिंगच्या मथळ्याखाली तू लिहिलंस: "कंपनीची केंद्रे रेल्वे स्थानकाजवळ असल्याने उत्पादनाचे स्थान योग्य निश्चित झाले आहे." मी इथे थोडी हसले, मग वाईट वाटलं, कारण ही चूक तुझ्या एकटीची नाही, आपल्या मराठी पारिभाषिक शब्दांचीही आहे. पोझिशनिंगला आपण स्थाननिश्चिती म्हणतो, आणि विपणन मिश्रणातल्या चार घटकांपैकी वितरणालाही 'स्थान' म्हणतो. विद्यार्थ्याने 'स्थान' वाचलं की त्याच्या डोळ्यांपुढे नकाशा येतो, दुकान येतं, पत्ता येतो. पोझिशनिंगमधलं स्थान जमिनीवर नसतं. ते निवडलेल्या ग्राहकाच्या डोक्यात असतं, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या तरी तुलनेत. परीक्षेत मी तर सरळ 'ग्राहकाच्या मनातील स्थान' असं लिहायला सांगते. शब्द दोन वाढतात, घोळ टळतो.

म्हणजे तुझ्याकडे माहिती होती, पण ती चुकीच्या मुद्द्याला पुरावा म्हणून जोडलीस. केंद्रं स्थानकाजवळ आहेत हे 'आम्ही हा गट का निवडला' याचं उत्तर आहे. पोझिशनिंगमध्ये तिला आणायचंच असेल तर ग्राहकाच्या बाजूने आणावं लागतं: 'ही बिघडली तर वाटेतच दुरुस्त होते' असा विश्वास त्याला वाटतो, असं.

पुढे तू म्हणतेस: "कंपनीने सायकलचे प्रीमियम सेगमेंटमध्ये पोझिशनिंग केले." हे वाक्य फक्त विद्यार्थी लिहितात असं नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एका बैठकीत मी मोठ्या रुबाबात म्हटलं होतं, आपला टार्गेट सेगमेंट प्रीमियम आहे. आमच्या वरिष्ठ बाईंनी मान वर न करता विचारलं, "त्यांच्यातल्या एकाचं वर्णन कर. सकाळी उठून काय करतो?" मला एक वाक्य बोलता आलं नाही, कारण प्रीमियम हे कुठल्याच माणसाचं वर्णन नव्हतं. ते वस्तूंच्या पायरीचं नाव होतं. सेगमेंट माणसांचा असतो. 'प्रीमियम सेगमेंट' म्हणताना आपण दुकानातल्या फळीकडे बघत असतो आणि समजतो की ग्राहकाकडे बघतोय. धंद्यातली माणसं बोलताना असं सर्रास म्हणतात, त्यांचं काम अडत नाही. परीक्षेत मात्र अडतं.

मग या केसमध्ये पोझिशनिंग लिहायचं कसं? आधी तुलना कुणाशी, ते ठरवायचं. रेल्वेने जाणारा हा माणूस आपल्या सायकलला कशाच्या शेजारी ठेवून बघेल? 14 किलोच्या सायकलच्या आणि विजेच्या स्कूटरच्या. पायी चालण्याच्याही, हे मुलं नेहमी विसरतात. या सगळ्यांच्या बरोबरीला यायला काही गोष्टी नुसत्या असाव्याच लागतात: ब्रेक नीट लागणं, दिवा असणं, घडीची कडी चालताना न उघडणं. त्या नसतील तर माणूस विचारच करणार नाही, पण त्या आहेत म्हणून तो निवडणारही नाही. निवडेल तो वेगळ्या गोष्टीसाठी, आणि ती वेगळी गोष्ट सिद्ध करता यायला हवी. तेव्हा विधान असं होईल: रेल्वेने रोज कामावर जाणाऱ्यांसाठी ही अशी घडीची सायकल आहे, जी प्रवासाच्या मधे अडथळा होत नाही, कारण ती 15 सेकंदांत मिटते आणि 10 किलोची असल्याने एका हातात जिना चढते. कुणासाठी, कशाच्या वर्गातली, काय वेगळं देते, आणि त्यावर विश्वास का ठेवावा, हे चारही त्यात आले.

तू या जागी एक घोषवाक्य लिहून खाली रेघ मारली आहेस. यमक छान जुळलंय. पण घोषवाक्य जाहिरातीत जातं. पोझिशनिंगचं विधान कंपनीच्या आत राहतं आणि घोषवाक्य त्यातून नंतर निघतं. ग्राहकाला ते विधान कधी दिसणारही नाही.

तुझ्या आकलन नकाशाबद्दलही, म्हणजे ग्राहकाच्या मनात कुठली वस्तू कुठे बसते ते दोन अक्षांवर दाखवणाऱ्या आकृतीबद्दलही, एक सांगायचं राहतं. नकाशा काढलास हे चांगलं केलंस. पण आडवा अक्ष 'दर्जा' आणि उभा अक्ष 'किंमत' घेतल्यामुळे तुझे सगळे ठिपके खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात एका तिरक्या रांगेत उभे राहिलेत. लोक महाग म्हणजे चांगलं असंच धरून चालतात, म्हणून हे दोन अक्ष जवळजवळ एकच गोष्ट दोनदा मोजतात. असा नकाशा काही सांगत नाही. अक्ष निवडायचे ते त्या निवडलेल्या गटाला महत्त्वाचे वाटणारे आणि एकमेकांवर फारसे अवलंबून नसलेले. उदाहरणार्थ 'हातात नेणं सोपं' आणि 'माझ्या कष्टाशिवाय अंतर पार होतं'. मग स्कूटर एका कोपऱ्यात जाते: कष्ट नाहीत, पण हातात नेणं अवघड. आपली सायकल समोरच्या कोपऱ्यात येते: हातात नेणं सोपं, पण पाय मारावे लागतात. 14 किलोची दोन्हीकडे मागे पडते. आता नकाशाकडे बघून बोलता येतं. स्कूटरशी कष्टांच्या बाबतीत झुंजण्यात अर्थ नाही, हेही त्यातूनच दिसतं.

आता गुणांचा हिशेब. प्रत्येक विद्यापीठाची वाटणी वेगळी असते, पण समज की प्रत्येक भागाला 4 आणि तिन्ही जोडून दाखवण्याला 3. व्याख्या बरोबर आहेत, त्याचे तुला तीन मिळाले. केसमधली काही माहिती उचलली आहेस, त्याचे दोन. बाकी जायचे ते गेलेच, कारण इथे एक भाग पुढच्या भागाचा कच्चा माल असतो. गट पाडलेच नाहीत, तर 'हा का, तो का नाही' याची कारणं येणार कुठून? कुणासाठी ते ठरलं नाही, तर कुणाच्या मनातलं स्थान सांगणार? चूक एकदा झाली आणि गुण तीनदा कापले असं तुला वाटतंय. परीक्षकाला तिन्ही वेळा वेगळी गोष्ट गैरहजर दिसली. जोडणीचे 3 तर आपोआपच गेले.

लिहून झाल्यावर स्वतःला तपासायचं असेल तर माझी जुनी सवय सांगते. मथळ्यावर हात ठेवायचा आणि खालच्या वाक्यांतले फक्त कर्ता आणि क्रियापद वाचायचे. लोक वापरतात, लोकांना लागतं, लोक टाळतात, असं येत असेल तर सेगमेंटेशन. कंपनी निवडते, कंपनी सोडते, कंपनीला पुरतं, असं येत असेल तर टार्गेटिंग. निवडलेल्या ग्राहकाला अमक्यापेक्षा असं वाटावं, असं येत असेल तर पोझिशनिंग, आणि त्यात 'पेक्षा' किंवा त्या अर्थाचं काही नसेल तर अजून झालेलं नाही. ही युक्ती सगळीकडे चालत नाही. 'कंपनीने वापराच्या प्रसंगानुसार चार गट पाडले' या वाक्यात कर्ता कंपनी असूनही ते सेगमेंटेशनच आहे. पण अशी वाक्यं परिच्छेदात एखादंच असतं. सगळी तशीच असतील तर समज, की ग्राहकाबद्दल तू काहीच सांगितलेलं नाहीस.

पुढच्या परीक्षेआधी याच केसवर एकदा उलटं काम कर. समज की तू त्या 14 किलोवाल्या मोठ्या कंपनीत आहेस. सेगमेंटेशनचा परिच्छेद जसाच्या तसा ठेव, एक शब्दही बदलू नकोस. टार्गेटिंगमध्ये 60,000 चा दुसरा गट निवड आणि या कंपनीच्या बाजूने कारणं लिही. मग पोझिशनिंगचं विधान नव्याने लिही. त्यात घडीला किती सेकंद लागतात हे यायलाच नको, घडी केल्यावर सायकल किती जागा अडवते ते यायला हवं. तुझ्या विधानात सेकंद पुन्हा डोकावले, तर ते विधान अजून रेल्वेवाल्या माणसासाठीच लिहिलं जातंय. ते खोडून पलंगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघ.